पाच हजार थकले, व्याज तीन हजार: क्रेडिट कार्डाचं बिल असं का येतं?

क्रेडिट कार्ड वापरणाऱ्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. "बिल पन्नास हजारांचं होतं. पंचेचाळीस हजार भरले, तेही शेवटच्या तारखेच्या आत. राहिले फक्त पाच हजार. आणि पुढच्या बिलात तीन हजारांच्या वर व्याज! बँकेचं काहीतरी चुकलंय." बहुतेक वेळा बँकेचं काही चुकलेलं नसतं. कार्ड घेताना आपण ज्या अटींवर सही केली, त्यांतच हा हिशेब लिहिलेला असतो. पण '५० दिवसांपर्यंत बिनव्याजी' ही ओळ ठळक असते आणि तिच्यामागची अट बारीक अक्षरात, त्यामुळे लक्षात राहतात ते ५० दिवस.

अट अशी: बिल शेवटच्या पैशापर्यंत भरलंत तरच ते दिवस बिनव्याजी. थोडंही मागे ठेवलंत, तर ते दिवस कधी बिनव्याजी नव्हतेच असं धरून हिशेब होतो. बाकीचा सगळा गोंधळ या एका अटीतून निघतो, म्हणून आधी तारखा नीट बघू.

## एक महिना, दोन तारखा

किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं हे खातं असतं. महिनाभर तुम्ही सामान नेता, वाणी वहीत मांडत जातो. ठरलेल्या दिवशी तो बेरीज करतो आणि म्हणतो, "एवढे झाले, अमुक तारखेपर्यंत द्या." कार्डाच्या बाबतीत बेरीज करण्याचा दिवस म्हणजे स्टेटमेंटची तारीख आणि पैसे देण्याचा शेवटचा दिवस म्हणजे ड्यू डेट. एका बेरजेपासून दुसऱ्या बेरजेपर्यंतचा काळ म्हणजे बिलिंग सायकल. एवढे तीन शब्द पुरे आहेत.

समजा, तुमच्या कार्डाचं स्टेटमेंट दर महिन्याच्या १२ तारखेला निघतं आणि ड्यू डेट त्यानंतर २० दिवसांनी येते. म्हणजे १३ मे ते १२ जून या काळात केलेला खर्च १२ जूनच्या बिलात येईल आणि ते बिल २ जुलैपर्यंत भरायचं असेल. १३ जूनला काही घेतलंत, तर ते या बिलात येणार नाही. ते १२ जुलैच्या बिलात जाईल आणि त्याचे पैसे १ ऑगस्टपर्यंत द्यायचे असतील.

बिलिंग सायकलचा कॅलेंडरच्या महिन्याशी संबंध नसतो. "जूनचा खर्च जुलैत भरायचा" असं डोक्यात ठेवून चालणारी माणसं इथे फसतात, कारण जूनचा अर्धा खर्च एका बिलात आणि अर्धा दुसऱ्या बिलात असतो.

## मग ५० दिवस कुठून आले?

१३ मेला केलेल्या खरेदीचे पैसे २ जुलैला द्यायचे, म्हणजे मधे ५० दिवस मिळाले. १२ जूनच्या खरेदीचे पैसेही २ जुलैलाच द्यायचे, म्हणजे तिला मिळाले फक्त २०. जाहिरातीतला आकडा हा सगळ्यात नशीबवान खरेदीचा आकडा असतो. 'पर्यंत' हा शब्द तिथे उगाच नसतो.

म्हणून मोठी वस्तू घ्यायची असेल आणि स्टेटमेंट दोन-तीन दिवसांवर आलं असेल, तर ते निघून जाऊ द्यावं आणि मग घ्यावी. जवळजवळ महिनाभर जास्त मिळतो. यात लबाडी काही नाही, हा फक्त तारखांचा हिशेब आहे. एक बारकावा मात्र आहे. तुम्ही कार्ड वापरलं तो दिवस आणि तो व्यवहार खात्यावर पक्का झाला तो दिवस, यांत एक-दोन दिवसांचं अंतर पडू शकतं. ११ तारखेची खरेदी कधी १३ला नोंदली जाते आणि आपोआप पुढच्या बिलात जाते. यावर भरवसा ठेवता येत नाही, पण बिलात एखादी खरेदी दिसली नाही तर ती हरवली असंही समजू नये.

एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोख काढली, तर मात्र यातलं काहीच लागू नाही. रोख रकमेवर पैसे हातात आले त्या दिवसापासून व्याज सुरू होतं, शिवाय वेगळी फी लागते. तिथे बिनव्याजी दिवस शून्य.

## पाच हजार मागे ठेवल्यावर

आता सुरुवातीच्या तक्रारीकडे येऊ. वरच्याच कार्डावर तुम्ही १५ मेला ५०,००० रुपयांचा फ्रिज घेतलात. १२ जूनला ५०,०००चं बिल आलं. २० जूनला आणखी ८,००० रुपयांची खरेदी केलीत. ती अर्थातच पुढच्या बिलात जाणार. २ जुलैला, ड्यू डेटच्या दिवशी, ४५,००० भरलेत आणि ५,००० ठेवलेत. व्याजाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. भारतातल्या बऱ्याच कार्डांवर दर याच्याच आसपास असतो.

मनातला अंदाज असा असतो: व्याज ५,०००वर आणि तेही २ जुलैनंतर. १२ जुलैच्या बिलापर्यंत १० दिवस, म्हणजे साधारण ५८ रुपये.

कार्डाच्या अटींनुसार रूढ हिशेब वेगळा होतो. बिल पूर्ण भरलं नाही, म्हणून सवलत गेली. सवलत गेली म्हणजे फ्रिज घेतला त्या दिवसापासून ती रक्कम तुम्ही कर्जाऊ घेतली होती असं मानलं जातं. १५ मे ते २ जुलै हे ४८ दिवस तुमच्याकडे पूर्ण ५०,००० होते, त्यावर व्याज २,७६२ रुपये. २ जुलै ते १२ जुलै या १० दिवसांत ५,००० बाकी होते, त्यावर ५८ रुपये. आणि मागचं बिल बाकी असताना नव्या खरेदीलाही सवलत मिळत नाही, म्हणून २० जूनच्या ८,०००वर २२ दिवसांचे २०२ रुपये. एकूण ३,०२२. व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, ते ५४४. म्हणजे ५८च्या जागी ३,५६६ रुपये.

त्या २०२ रुपयांकडे लोकांचं लक्ष जात नाही, पण पुढे जाऊन तेच जास्त महाग पडतात. जोवर जुन्यातलं काही बाकी आहे, तोवर रोजचा भाजीपाला, पेट्रोल, यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डावरून दिलेला चहाचा दहा रुपयांचा व्यवहार, सगळ्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चालू असतं. ज्यांच्याकडे बाकी आहे, त्यांनी तेच कार्ड रोजच्या खर्चाला वापरू नये, याचं कारण हे.

## 'पण व्याज उरलेल्या रकमेवरच लागायला हवं ना?'

ही शंका रास्त आहे आणि ती नियमांतही उमटली आहे. क्रेडिट कार्डांबाबतचे रिझर्व्ह बँकेचे सविस्तर निर्देश २०२२ साली आले. मार्च २०२४मध्ये त्यांत जी सुधारणा झाली, तिच्यात म्हटलं आहे की व्याज थकीत रकमेवरच लावावं आणि ती रक्कम ठरवताना भरलेले पैसे, परतावे आणि रद्द झालेले व्यवहार वजा करावेत.

याचा अर्थ लावून वरचाच हिशेब केला, तर भरलेल्या ४५,०००वर व्याज नाही. उरलेल्या ५,०००वर आहे, पण तेही १५ मेपासून. १२ जुलैपर्यंत ५८ दिवस होतात, त्याचे ३३४ रुपये. नव्या ८,०००चे २०२ आहेतच. मिळून ५३६, जीएसटी धरून ६३३ रुपये. ३,५६६पेक्षा हे खूपच कमी आहे, पण मनातल्या ५८ रुपयांच्या दसपट अजूनही आहे. कारण दोन्ही पद्धतींत बिनव्याजी दिवस गेलेलेच आहेत.

तुमच्या कार्डाला यातली कोणती पद्धत लागू आहे, ते ओळखण्याचा एक सरळ मार्ग आहे. प्रत्येक कार्डाबरोबर 'मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स' नावाचा कागद असतो आणि तो बँकेच्या संकेतस्थळावरही असतो. त्यात व्याज कसं मोजतात याचं आकड्यांनिशी उदाहरण सापडतं. उदाहरणात काही रक्कम भरल्यावर त्या भरलेल्या रकमेवरही मागच्या तारखेपासून व्याज धरलंय का, एवढंच बघायचं. बाकीचा मजकूर वाचला नाहीत तरी चालेल. खरं सांगायचं, तर तो वाचला जावा म्हणून लिहिलेलाही नसतो.

## पूर्ण बिल भरलं, तरी पुढच्या महिन्यात पुन्हा व्याज?

हा दुसरा धक्का. समजा, ३,५६६ रुपयांचा दणका बसल्यावर तुम्ही ठरवलंत, आता काही बाकी ठेवायची नाही. १२ जुलैचं बिल होतं १६,५६६ रुपये: जुने ५,०००, नवे ८,००० आणि व्याज व कर. ते तुम्ही १ ऑगस्टला, ड्यू डेटच्या दिवशी, पै न पै भरलंत. तरी १२ ऑगस्टच्या बिलात व्याज आहेच, साधारण ३५० रुपये.

हेही चुकून लागलेलं नाही. १२ जुलैच्या बिलात त्या तारखेपर्यंतचंच व्याज होतं. तुम्ही पैसे भरलेत १ ऑगस्टला. मधल्या २० दिवसांत १३,००० रुपये बाकी होते आणि घड्याळ चालूच होतं. त्याचे २९९ रुपये आणि वर ५४ रुपये जीएसटी. मधल्या काळात आणखी काही खरेदी केली असेल, तर तिचंही व्याज यात मिसळतं. हे शेपूट पुढच्या बिलात येतं, तेही भरून टाकलं की खातं पुन्हा सरळ होतं.

म्हणून एकदा का बाकी राहिली, की ड्यू डेटची वाट बघण्यात काही अर्थ नसतो. ती तारीख बिनव्याजी ग्राहकाच्या सोयीची आहे. तुमच्यासाठी प्रत्येक दिवसाचा भाव ठरलेला आहे: १३,००० बाकी असताना दिवसाला सुमारे १५ रुपये, अधिक कर. हातात पैसे असतील तर स्टेटमेंट आल्याच्या दुसऱ्याच दिवशी भरावेत. त्याहून बरं म्हणजे कस्टमर केअरला फोन करून "आजच्या तारखेला सगळं मिटवायला किती भरावे लागतील?" असं विचारावं आणि तेवढे भरावेत.

## मग 'मिनिमम ड्यू' कशासाठी असतं?

बिलावर दोन रकमा छापलेल्या असतात, पूर्ण रक्कम आणि कमीत कमी भरायची रक्कम. दुसरी रक्कम मूळ थकबाकीच्या ५ टक्क्यांच्या आसपास असू शकते. तिच्यात हप्ते, फी आणि कर मिळवतात. ५०,०००च्या बिलावर ती २,५०० दिसते आणि मनाला हायसं वाटतं.

ती भरली की दोन गोष्टी टळतात: उशिराचा दंड आणि खातं थकल्याची नोंद. व्याज टळत नाही. ५०,००० रुपये बाकी असलेल्या खात्यावर महिन्याचं व्याज १,७५० आणि जीएसटी ३१५, मिळून २,०६५ रुपये. तुम्ही भरलेत २,५००. म्हणजे मूळ कर्ज कमी झालं ४३५ रुपयांनी, आणि तेही महिनाभर कार्ड अजिबात वापरलं नाही तर. ही किमान रक्कम अशी ठरवावी की ती भरूनही कर्ज वाढत जाऊ नये, असं रिझर्व्ह बँकेने बजावलं आहे. नियम कर्ज वाढण्यापासून वाचवतो, ते लवकर फिटेल याची हमी देत नाही. फक्त मिनिमम भरत राहिल्यास परतफेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षं लांबेल आणि चक्रवाढ व्याज लागेल, असा इशारा बिलावर छापणंही बंधनकारक आहे. तुमच्या मागच्या बिलावर तो असेल.

इथे एक तपासणी आजच करण्यासारखी आहे. बचत खात्यातून कार्डाचं बिल आपोआप वळतं करायला सांगितलं असेल, तर तिथे पूर्ण रक्कम निवडली आहे की किमान रक्कम, ते बघा. दोन्ही पर्याय एकाखाली एक असतात. किमान रक्कम निवडली गेली असेल, तर बचत खात्यात अडीच-तीन टक्क्यांच्या व्याजावर पैसे पडून आहेत आणि शेजारी कार्डावर ४२ टक्क्यांनी व्याज चढतंय, असा प्रकार घडतो. 'बिल आपोआप भरलं जातंय' या समाधानात तो कित्येक महिने कुणाच्या लक्षातही येत नाही.

## 'ड्यू डेटनंतर तीन दिवस चालतात' हे खरं का?

अर्धं खरं. खातं तीन दिवसांहून जास्त थकलं, तरच बँकेने उशिराचा दंड लावावा आणि लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोला खातं थकल्याचं कळवावं, असा नियम आहे. दंडही ड्यू डेटनंतर जेवढी बाकी उरली तेवढ्यावरच, संपूर्ण बिलावर नाही. पण ही सूट दंडापुरती आणि नोंदीपुरती आहे. बिनव्याजी मुदत ड्यू डेटलाच संपते. २ जुलैच्या जागी ४ जुलैला पूर्ण ५०,००० भरलेत, तर दंड लागणार नाही, पण १५ मेपासून व्याज लावायला बँक मोकळी आहे. शिवाय तीन दिवस उलटून गेले की उशिराचे दिवस चौथ्या दिवसापासून नव्हे, ड्यू डेटपासून मोजतात.

ड्यू डेटच्या रात्री एखाद्या पेमेंट ॲपवरून पैसे भरणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. ॲपवर 'सक्सेस' दिसलं म्हणजे रक्कम कार्डाच्या खात्यावर जमा झालीच, असं नाही. दोन-तीन दिवस आधी भरलेलं बरं.

## वस्तू परत केली, मग बिल का भरायचं?

ऑनलाइन घेतलेले ६,०००चे बूट परत केले, पैसे चार दिवसांत येतील असं दुकानदार म्हणाला, म्हणून तुम्ही बिलातून ६,००० वजा करून उरलेले भरलेत. ड्यू डेटच्या आत परतावा जमा झाला, तर तो देय रकमेतून वजा करणं बँकेवर बंधनकारक आहे आणि प्रश्न मिटला. पण तो एक दिवस उशिरा आला, तर तुमच्या खात्यावर ६,००० थकले आणि वरचा सगळा हिशेब चालू झाला. परतावा खात्यावर दिसत नसेल, तर पूर्ण बिल भरावं. जास्तीचे पैसे कुठे जात नाहीत, ते तुमच्या नावावर जमा राहतात.

## वर्षाला ४२ टक्के, हे चालतं कसं?

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटलं होतं की कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने तो आदेश रद्द केला. व्याजाचे दर हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय आहे, असं त्यामागचं एक मुख्य कारण. रिझर्व्ह बँकेने कार्डांसाठी आकड्यात कमाल दर ठरवून दिलेला नाही. दर अवाजवी नसावा आणि तो ग्राहकाला स्पष्ट सांगितलेला असावा, एवढी तिची अपेक्षा आहे. त्यामुळे ४२ टक्के हा आकडा तुम्हाला कितीही डाचला, तरी तुमच्या अटींच्या कागदावर तो लिहिलेला असेल तर तेवढ्या मुद्द्यावर तक्रार टिकणं अवघड आहे. दिवस चुकीचे मोजले, भरलेली रक्कम धरली नाही, न भरलेली फी किंवा कर मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावलं, या तक्रारी मात्र टिकतात, कारण त्या नियमांविरुद्ध आहेत.

## तारीख बदलून मिळते

पगार ७ तारखेला आणि ड्यू डेट २ तारखेला, अशी अनेकांची अडचण असते. मग दर महिन्याला 'पाच दिवसांचाच तर प्रश्न आहे' म्हणून थोडी बाकी राहते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बिलिंग सायकल निदान एकदा तरी बदलून घेण्याची मुभा बँकेने द्यायलाच हवी. बँकेच्या ॲपमधून किंवा कस्टमर केअरकडून ते करता येतं. स्टेटमेंट २० तारखेच्या सुमारास नेलंत, तर ड्यू डेट पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आसपास येईल, पगार जमा झाल्यावर. बदल होतो त्या महिन्यात एक बिल नेहमीपेक्षा लहान किंवा मोठ्या काळाचं निघतं आणि त्याची ड्यू डेट सवयीच्या तारखेला नसते. तेवढं एक बिल आलं की तारीख स्वतः वाचून बघायची.